तळापासून वर : फॉरवर्ड करण्याआधी ट्रेल कसा वाचावा

“खालील ट्रेल मेल पाहावा आणि सुधारित दर कळवावा.” एवढं एक वाक्य लिहून परचेस ऑफिसर मेल पाठवून देतो. मेल ज्या पार्टीला जायला हवा तिलाच जातो. पत्ता बरोबर असतो, विषय बरोबर असतो, सोबतचं ड्रॉइंगही बरोबर असतं. तरी त्या एका क्लिकबरोबर कारखान्याचं कॉस्टिंग, दुसऱ्या पार्टीचा दर आणि एका सहकाऱ्याचा आजार दाराबाहेर गेलेला असतो. हे सगळं त्या वाक्याच्या बरंच खाली, तीन आठवड्यांपूर्वीच्या मजकुरात पडून होतं.

चुकीच्या पत्त्यावर मेल जाण्याची भीती सगळ्यांनाच असते, आणि त्यासाठी आपण पत्ता दोनदा पाहतो. ही चूक वेगळी आहे. इथे माणूस योग्य असतो, पण त्याच्यासाठी कधीच न लिहिलेला मजकूर त्याच्या हाती जातो. पाठवणाऱ्याला ते बहुधा कळतही नाही, कारण ज्याला ती माहिती उपयोगी पडते तो कशाला सांगायला येतो?

ट्रेल वाढतो कसा ते आधी पाहू. मेलला उत्तर देताना मेलचा प्रोग्राम आधीचा सगळा मजकूर उत्तराखाली चिकटवतो. पुढच्या उत्तरात तो मजकूर अधिक तुमचं उत्तर, त्याच्या पुढच्या उत्तरात तेही सगळं. नववा मेल उघडला की त्याच्या पोटात आधीचे आठ असतात. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात लोक आधीच्या मेलमधल्या लागतील तेवढ्याच ओळी ठेवून बाकीच्या कापत. 1995 साली निघालेल्या RFC 1855 या शिष्टाचाराच्या दस्तऐवजात तसा सल्लाच दिलेला आहे : संदर्भ कळेल एवढाच मूळ मजकूर ठेवा. पुढे ऑफिसातल्या मेल प्रोग्रामांनी कर्सर सगळ्यात वर ठेवायला सुरुवात केली आणि जुना मजकूर खाली तसाच राहू लागला. वर लिहायचं आणि पाठवायचं, खाली बघायचं कारणच उरलं नाही. सोय मोठी झाली, कारण आठवड्याने मेल उघडला तरी सगळा इतिहास एकाच जागी सापडतो. पण ज्यांच्यात तो इतिहास घडला त्यांच्यापुरतीच ती सोय आहे.

त्यात भर म्हणजे हा मजकूर डोळ्यांपासून लपवलेला असतो. जीमेलमध्ये मेल वाचताना जुना भाग तीन टिंबांच्या छोट्या बटणामागे दुमडलेला असतो. त्यावर माउस नेला की `Show trimmed content` असं दिसतं. उत्तर लिहितानाही खालचा मजकूर त्याच तीन टिंबांमागे असतो. मेल फार मोठा असेल तर जीमेल तो साधारण 102 केबीवर कापून दाखवतो आणि शेवटी `[Message clipped]` असं लिहितो. वाचणाऱ्याला वाटतं मेल इथेच संपला. मजकूर कुठेही गेलेला नसतो, फक्त दाखवलेला नसतो. मोबाइलवर तर पहिल्या दोन ओळींखाली काय आहे हे पाहायला बोट बराच वेळ फिरवावं लागतं, आणि घाईत ते कुणी फिरवत नाही.

आता एक नमुना घेऊन तो शेवटपर्यंत पाहू. कारखाना काल्पनिक आहे, पण भोसरी, चाकण किंवा सातपूरला परचेसमध्ये काम केलेल्यांना त्यातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटेल. कारखाना एका वाहन कंपनीसाठी शाफ्ट बनवतो. शाफ्टचं हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घ्यायचं आहे. त्यासाठी दोन पार्ट्यांशी बोलणं चाललं आहे, त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. ट्रेलमध्ये नऊ मेल आहेत. सगळ्यात खालचा सगळ्यात जुना, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पहिला मेल ग्राहक कंपनीचा. नवीन शाफ्ट, वर्षाला 40,000 नग, अपेक्षित किंमत 212 रुपये. त्यातच एक वाक्य : हा भाग येत्या दिवाळीला बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलचा आहे, बाहेर वाच्यता नको. दुसरा मेल विक्री विभागाचा, 212 मध्ये जमेल का असं विचारणारा. तिसरा कॉस्टिंगचा. त्यात तक्ता सरळ मेलमध्येच पेस्ट केलेला : माल 96, मशिनिंग 48, हीट ट्रीटमेंट 18, पॅकिंग, वाहतूक आणि वरखर्च मिळून 25, एकूण 187. म्हणजे नगामागे 25 रुपये नफा.

चौथ्या मेलमध्ये ‘अ’ पार्टीचं कोटेशन आहे, 17 रुपये 40 पैसे आणि 45 दिवसांची उधारी. पाचवा मेल परचेस मॅनेजरने आपल्या ऑफिसरला लिहिलेला, रोमन लिपीतल्या मराठीत : “‘ब’वाले 19 म्हणतायत, पण त्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलंय, 17 वर येतील.” सहावा क्वालिटीचा. ‘अ’ने केलेल्या नमुन्याची हार्डनेस 54 एचआरसी आली, ड्रॉइंगवर 58 ते 62 आहे, म्हणून नमुना नापास. सोबत तपासणीच्या अहवालाचा फोटो. सातव्यात प्रॉडक्शनचा निरोप : तपासणी करणाऱ्या सहकाऱ्याचं मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं, म्हणून पुढचे नमुने शनिवारी तपासू. आठव्यात ग्राहकाने ड्रॉइंग बदललं : केस डेप्थ, म्हणजे पृष्ठभागाचा कडक झालेला थर, आधी 0.8 ते 1.0 मिलिमीटर होता, आता 1.0 ते 1.2 हवा. नववा डिझाइनच्या प्रमुखांचा : “सुधारित ड्रॉइंग सोबत आहे, ‘ब’ला कळवा.”

आणि ऑफिसरने नववा मेल ‘ब’ला फॉरवर्ड केला.

‘ब’ला यातलं काय लागणार होतं? नवीन केस डेप्थ आणि नवीन ड्रॉइंग. थर जाड हवा म्हणजे भट्टीत जास्त वेळ, म्हणजे दर थोडा वाढणार, तो त्यांनी सांगायचा. एवढंच काम. त्यांना मिळालं ते याच्या कितीतरी पुढचं. ‘अ’चा दर मिळाला, हे उघड नुकसान आहे. पण मला त्याहून घातक वाटतो तो सहावा मेल. ‘अ’चा नमुना नापास झाला हे कळल्यावर ‘ब’ला समजतं की आज कारखान्यापुढे दुसरा पर्याय नाही. कॉस्टिंगमधला 18 चा आकडा त्यांना सांगतो की इथवर कुणी कुरकुर करणार नाही, आणि त्याखालचा 25 रुपयांचा नफा सांगतो की त्याच्या वर गेलं तरी कारखान्याला सोसेल. या तीन तुकड्यांपैकी एकावरही ‘गोपनीय’ असा शिक्का नव्हता. वेगवेगळे पाहिले तर ते साधे आकडे वाटतात, एकत्र वाचले की वाटाघाटीतला सगळा डाव उघडा पडतो. शिवाय “त्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलंय” हे वाक्य स्वतःबद्दल वाचल्यावर ‘ब’चे मालक या कारखान्याशी पूर्वीसारखे बोलतील असं मला वाटत नाही.

‘अ’चंही नुकसान आहे. त्यांनी दर या कारखान्याला दिला होता, आपल्या स्पर्धकाला नाही. ग्राहक कंपनीशी झालेला गोपनीयतेचा करार असेल तर नव्या मॉडेलचा उल्लेख बाहेर जाणं हा त्याचा सरळ भंग ठरू शकतो. आणि ज्या सहकाऱ्याला डायलिसिसची गरज आहे त्याला तर हे कधी कळणारही नाही. आपल्या आजाराची गोष्ट त्याने विभागात सांगितली होती, एका अनोळखी हीट ट्रीटमेंटवाल्याला नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने डेटाभंगाची जी व्याख्या केली आहे, तीत वैयक्तिक माहिती अपघाताने उघड होणंही मोडतं. मुद्दाम केलं नाही, एवढ्याने ते त्या व्याख्येबाहेर जात नाही.

मग असा ट्रेल पाठवण्याआधी वाचायचा कसा? `Forward` दाबल्यावर पहिली गोष्ट म्हणजे `To` ची जागा रिकामी ठेवायची. पत्ता नसेल तर मेल जाऊच शकत नाही, म्हणून पत्ता सगळ्यात शेवटी घालायचा. मग जिथे जिथे तीन टिंबं दिसतील ती उघडायची आणि कर्सर मेलच्या मजकुरात ठेवून `Ctrl+End` दाबायचं, म्हणजे थेट तळाशी जाता येतं. तिथून एकेक मेल वर वाचत यायचं.

तळापासून का, याला कारण आहे. वरून वाचायला लागलो की पहिले दोन मेल आपल्याला पाठ असतात, कारण ते कालचे असतात. नजर सरावते, तिसऱ्या-चौथ्यापासून आपण ओळी ओलांडू लागतो आणि तळाला पोचेपर्यंत लक्ष उडालेलं असतं. धोका मात्र खालीच जास्त असतो. सुरुवातीच्या मेलच्या वेळी चर्चा घरातल्या घरात चाललेली असते, बाहेरचा माणूस अजून आलेला नसतो, म्हणून लोक मोकळेपणाने आकडे आणि मतं लिहितात. बाहेरचे लोक आले की भाषा आपोआप सावध होते. शिवाय तळातला मेल बहुधा आपल्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला असतो, आणि आपल्याला मधूनच त्यात ‘लूपमध्ये’ घेतलेलं असतं. म्हणजे तो आपण एकदाही वाचलेला नसण्याची शक्यता चांगलीच असते.

प्रत्येक मेलपाशी थांबून आधी त्याचा मथळा वाचायचा. `From`, `To`, `Cc` या ओळी लोक सजावटीसारख्या ओलांडून जातात, पण त्यातही माहिती असते. एखाद्या मेलच्या `Cc` मध्ये वकिलाचं किंवा बँकेच्या वसुली अधिकाऱ्याचं नाव असेल तर मजकूर न वाचताही समोरच्याला बरंच कळतं. मथळ्यावरून एकच प्रश्न विचारायचा : मी ज्याला हे पाठवतो आहे तो या मेलच्या मूळ पत्त्यांमध्ये होता का? असेल तर तो मेल त्याने पाहिलेलाच आहे. नसेल तर तो मेल त्याच्यासाठी नवा कागद आहे, आणि तो द्यायचा की नाही हे वेगळं ठरवावं लागेल. आपल्या नऊपैकी एकाही मेलमध्ये ‘ब’चा पत्ता नव्हता. एवढं पाहिलं असतं तरी पुढची वाचणी करण्याआधीच हात थांबला असता.

ट्रेलकडे एक मेल म्हणून न पाहता सुट्या कागदांचा गठ्ठा म्हणून पाहण्याची सवय वकिलांना न्यायालयांनी लावली आहे. 2005 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या संघीय न्यायालयाने टेलिफोन बिलांसंबंधीच्या एका खटल्यात असं ठरवलं, की मेलच्या माळेतला जो मजकूर वकील आणि अशील यांच्यातला म्हणून राखून ठेवायचा असेल, त्यातल्या प्रत्येक मेलची यादीत स्वतंत्र नोंद करायला हवी. सगळी माळ एका ओळीत उरकता येणार नाही. पुढे दुसऱ्या काही न्यायालयांनी वेगळं मत दिलं, पण ट्रेल वाचायला बसणाऱ्याला कॅन्ससची रीतच उपयोगी पडते. नऊ मेल म्हणजे नऊ निर्णय.

वाचून झाल्यावर शोधही घ्यावा, कारण डोळा चुकतो. `Ctrl+F` दाबून आधी `@` शोधायचा, म्हणजे मजकुरातले सगळे पत्ते दिसतात. मग `%`, `Rs`, `₹`, `rate`, `margin`, `target`, `password`, `PAN`. आपल्याकडे एवढ्याने भागत नाही. इंग्रजी मेलच्या मधेच रोमन लिपीत मराठी वाक्यं येतात आणि सगळ्यात मोकळ्या गोष्टी त्याच वाक्यांत असतात. `baher`, `bahar`, `sangu naka`, `sangu nako`, `aplyatach` असे शब्द शोधून पाहावेत. स्पेलिंग ज्याचं त्याचं असल्याने हा शोध कधीच पुरा पडत नाही. म्हणून शोध हा वाचण्याच्या जोडीला आहे, वाचण्याच्या ऐवजी नाही.

चित्रांतला मजकूर तर शोधात सापडतच नाही. क्वालिटीच्या मेलमध्ये अहवालाचा फोटो होता. त्यावर ‘अ’चं नाव, तारीख, तपासणाऱ्याची सही, सगळं वाचता येतं. कुणी फोनचा स्क्रीनशॉट टाकला असेल तर वरच्या पट्टीत आलेली एखादी सूचनाही त्यात अडकलेली असते. मेलच्या अंगात बसवलेली ही चित्रं उत्तरामागून उत्तरं गेली तरी बहुधा ट्रेलमध्ये टिकून राहतात. स्वतंत्र जोडलेल्या फाइलींचं गणित वेगळं आहे. उत्तर देताना त्या गळतात आणि फॉरवर्ड करताना फक्त त्या एका मेलच्या फाइली सोबत जातात. म्हणून नवव्या मेलबरोबर ड्रॉइंग गेलं. कॉस्टिंगची एक्सेल फाइल जोडली असती तर ती गेली नसती. पण तक्ता मेलमध्ये पेस्ट केला होता, म्हणून तो गेला. फाइलीऐवजी गूगल ड्राइव्हची लिंक दिली असती तर? लिंक ही मजकुरातली एक ओळच आहे, ती ट्रेलबरोबर जाते. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी परवानगी त्या फाइलला दिलेली असेल तर ‘ब’ ती उघडू शकतो, आणि त्यात नंतर केलेले बदलही पाहू शकतो. ट्रेलमधली प्रत्येक लिंक आपल्या खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहावी. तिथे उघडली तर ती कुणालाही उघडते.

सोबत जाणारी फाइलही उघडून पाहावी लागते, आणि वरवर नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयातल्या एकाने अफगाणिस्तानातून ब्रिटनमध्ये आसरा मागणाऱ्यांची एक स्प्रेडशीट सरकारी यंत्रणेबाहेर मेलने पाठवली. आपण सुमारे 150 जणांची माहिती पाठवतो आहोत अशी पाठवणाऱ्याची समजूत होती. प्रत्यक्षात न दिसणाऱ्या भागासकट त्या फाइलीत सुमारे 18,700 अर्जदारांची माहिती होती. तालिबानच्या राज्यात ज्यांचं नाव बाहेर येणं जिवावर बेतू शकत होतं अशी ही माणसं. मंत्रालयाला हे कळलं ऑगस्ट 2023 मध्ये, त्यातला काही भाग फेसबुकवर आल्यावर. म्हणजे जवळजवळ दीड वर्षाने. न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे ही गोष्ट जनतेपुढे आली ती थेट जुलै 2025 मध्ये. हजारो लोकांना देशाबाहेर काढण्याची गुप्त योजना त्यासाठी आखावी लागली होती.

एक्सेलमध्ये खालच्या पानाच्या टॅबवर उजवं क्लिक केलं आणि `Unhide` हा शब्द उठून दिसला, तर आत लपवलेलं पान आहे. ओळींचे क्रमांक 12 वरून एकदम 40 वर गेले तर मधल्या ओळी लपवलेल्या किंवा फिल्टरने झाकलेल्या आहेत. वर्डच्या फाइलीत बदलांच्या नोंदी आणि शेरे शिल्लक आहेत का ते `Review` मध्ये जाऊन पाहावं. पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढून झाकलेला मजकूर असेल तर तो सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट करून बघावा. कधीकधी पट्टीखालची अक्षरं जशीच्या तशी बाहेर येतात.

नको असलेला भाग सापडला की तो कापायचा कसा, यातही लोक गफलत करतात. अक्षरं पांढरी करणं किंवा मजकुरावर काळा रंग फासणं हे झाकणंही नाही, सिलेक्ट केलं की सगळं वाचता येतं. कापायचं तर पूर्ण मेल मथळ्यासकट कापावा. एखाद्या मेलमधला अर्धाच भाग द्यायचा असेल तर जिथे कापलं तिथे “[मजकूर वगळला आहे]” असं स्पष्ट लिहावं. दुसऱ्याच्या नावाखालचं वाक्य बदलून, गुळगुळीत करून पुढे पाठवणं मात्र कधीच करू नये. त्या वाक्यावर त्याचं नाव आणि तारीख आहे. उद्या वाद झाला तर त्याने न लिहिलेल्या शब्दांची जबाबदारी त्याच्यावर येईल, आणि तुम्ही दस्तऐवज बदलला असा आरोप तुमच्यावर. विषयाची ओळही पाहावी. `RE: RE: FW: B rate reduction` अशा विषयाचा मेल त्याच ‘ब’ पार्टीला गेल्याचं सांगणारी माणसं या क्षेत्रात भेटतात.

एवढं सगळं करायचं म्हणजे पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि परचेसच्या माणसाकडे दिवसाला असे कित्येक मेल येतात. माझं प्रामाणिक मत आहे की दहापैकी नऊ वेळा हे करण्याची गरजच नसते, कारण फॉरवर्ड करण्याचीच गरज नसते. आपल्या उदाहरणात नवा कोरा मेल उघडून चार वाक्यं लिहिली असती तर काम झालं असतं :

“आपल्याकडील शाफ्टच्या ड्रॉइंगमध्ये बदल झाला आहे. केस डेप्थ 0.8–1.0 ऐवजी 1.0–1.2 मि.मी. धरावी. सुधारित ड्रॉइंग सोबत जोडले आहे. कृपया सुधारित दर गुरुवारपर्यंत कळवावा.”

हे लिहायला दोन मिनिटं लागतात. नवव्या मेलमधली ड्रॉइंगची फाइल उतरवून, उघडून तपासून, नव्याने जोडायची. वाचणाऱ्यालाही हे सोयीचं, नऊ मेल चाळून आपल्या कामाची ओळ शोधण्याचा त्याचा त्रास वाचतो. ट्रेल खरोखर पाठवावा लागतो तो मोजक्या प्रसंगी : कुणी काय आणि कधी कबूल केलं याचा पुरावा द्यायचा असतो, लेखापरीक्षकाला किंवा वकिलाला मूळ शब्दच हवे असतात, किंवा काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचं असतं. त्या वेळी ती वीस मिनिटं द्यावीच लागतात.

एक प्रसंग मात्र नेहमी नजरेतून सुटतो. फॉरवर्ड करताना निदान मनात येतं की आपण काहीतरी पुढे पाठवतो आहोत. `Reply all` करून `Cc` मध्ये एक नवीन पत्ता घातला तर ते मनात येत नाही. “अमुक यांना लूपमध्ये घेत आहे” असं लिहून आपण पुढे जातो. त्या अमुक यांना सगळा ट्रेल त्याच क्षणी मिळतो, आणि खालचा मजकूर तीन टिंबांमागे असल्याने आपल्याला तो दिसतही नाही. नवीन माणूस बाहेरचा असेल तर `Cc` मध्ये नाव वाढवण्याऐवजी त्याच्याशी नवीन मेल सुरू करावा. माझ्या मते हा नियम ऑफिसांनी लेखी करावा, कारण एकट्यादुकट्याच्या सावधपणावर तो टिकत नाही. वरिष्ठच `Cc` वाढवून पाठवत असतील तर कनिष्ठ कोणत्या तोंडाने नवीन मेल सुरू करणार?

ऑफिसला आणखी एक गोष्ट करता येते : मेल जाण्याआधी थोडा उशीर लावणं. जीमेलमध्ये `Undo Send` ची मुदत सेटिंगमधून 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, त्यापुढे नाही. आउटलुकच्या संगणकावरच्या जुन्या आवृत्तीत नियम लावून प्रत्येक मेल काही मिनिटं रोखून धरता येतो. पाच मिनिटं पुरतात. बहुतेकांना आपली चूक पाठवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटातच आठवते. मेल बाहेर पडल्यावर आउटलुकच्या `Recall` वर भरवसा ठेवू नये. ते एकाच संस्थेच्या मेल यंत्रणेत चालतं, बाहेरच्या पार्टीच्या पेटीतून मेल ते काढून आणत नाही. आणि मेलच्या तळाशी असलेली “हा मेल गोपनीय आहे” ही ठरावीक तळटीप प्रत्येक मेलखाली असल्याने कुणीच वाचत नाही. तिने गेलेली माहिती परत येत नाही.

मेल गेलाच, तर आधी फोन करावा. दुसरा मेल पाठवून “आधीचा मेल वाचू नये” असं लिहिलं तर समोरचा पहिला मेल आधी उघडेल. फोनवर थेट सांगावं : आमच्या चुकीने तुम्हाला नको तो मजकूर आला आहे, तो वाचू नका, पुढे पाठवू नका, काढून टाका आणि काढल्याचं मला दोन ओळींत लिहून कळवा. त्यांनी तो आधीच आणखी कुणाला पाठवला असेल तर त्या माणसाचं नाव विचारून घ्यावं. मग आपल्या वरिष्ठांना सांगावं, त्याच दिवशी. काय गेलं, कुणाला गेलं, किती वाजता गेलं, हे कागदावर लिहून. इथे लोक हमखास आणखी एक चूक करतात : “पाहा, हा मेल चुकून गेला” असं म्हणत तोच मेल पुन्हा वरिष्ठांना, आयटीला आणि एचआरला फॉरवर्ड करतात. आता डायलिसिसची गोष्ट आणखी तिघांच्या पेटीत गेली. मेल `Sent` मध्ये आहेच, ज्याला पाहायचा असेल त्याला स्क्रीनवर दाखवता येतो.

ज्या पार्टीचा दर फुटला त्या ‘अ’लाही कळवावं का? मला वाटतं, कळवावं. ते अवघड आहे, आणि पुढच्या कोटेशनच्या वेळी ‘अ’ सावध राहील हेही खरं. पण ‘ब’ उद्या त्याच आकड्याचा आधार घेऊन ‘अ’चं गिऱ्हाईक ओढू लागला, तर ‘अ’ला आपल्याकडून कळलेलं बरं. आणि डायलिसिसवर असलेल्या सहकाऱ्याला तर सांगायलाच हवं, शक्य तर त्याच्या विभागप्रमुखाने, समोर बसून.